कामाच्या नादात हरपलेली भूक

लग्नघरात, सणावाराला किंवा आवडीचे काम हाती असताना ‘आज भुकेची आठवणच झाली नाही’ असे ज्येष्ठ मंडळी कौतुकाने सांगतात. निरोगी माणसाच्या बाबतीत हे खरोखरच निरुपद्रवी असते. मात्र मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत मला हे वाक्य ऐकताच घड्याळाकडे पाहावेसे वाटते.

भूक म्हणजे केवळ रिकामे पोट नव्हे. जेवणाची नेहमीची वेळ जवळ आली की जठरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक अधिक स्रवते व मेंदूला अन्नाची आठवण करून देते. ही एक लाट असते. त्या वेळी जेवलो नाही, तरी काही वेळाने ती आपोआप ओसरते. मन कामात गुंतलेले असेल, तर लाट आली नि गेली याचा पत्ताही लागत नाही.

उत्साहाच्या किंवा काळजीच्या प्रसंगी आणखी एक गोष्ट घडते. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन स्रवते. पचनसंस्थेकडे जाणारा रक्तपुरवठा आखडतो व जठराची हालचाल मंदावते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराचे निरीक्षण केले होते. मांजर अस्वस्थ होताच जठराची हालचाल थांबते, हे त्यांना दिसले. त्याच वेळी यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडते. अन्न न घेताही शरीराला इंधन मिळते आणि आपण उभे राहतो.

प्रसंग संपला, माणूस टेकला, की अ‍ॅड्रेनलिन काही मिनिटांतच ओसरते. जठर पुन्हा हलू लागते. कॉर्टिसॉल हे ताणाचे दुसरे संप्रेरक मात्र अधिक काळ रेंगाळते आणि ते भूक वाढवते. यकृताचा साठाही तोवर बराच खर्ची पडलेला असतो. म्हणून थकव्याबरोबर भूक एकदम कडाडून लागते.

आता ज्यांच्याबाबत सावध राहावे लागते, त्यांच्याकडे वळू. माझे एक रुग्ण, वय ७२, मधुमेहासाठी रोज सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेणारे. नातीच्या लग्नाच्या दिवशी त्यांनी सात वाजता चहा व दोन बिस्किटांवर गोळी घेतली. पत्नीने दोनदा म्हटले, “अहो, थोडे खाऊन घ्या ना.” उत्तर एकच, “आधी कार्य पार पडू दे.” दुपारी तीनच्या सुमारास ते खुर्चीत बसले आणि त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले व एरवी शांत असलेला हा गृहस्थ क्षुल्लक कारणावरून मुलावर ओरडला. घरच्यांना वाटले, दगदग झाली. सुनेने मात्र ग्लुकोमीटरने साखर तपासली. ती ५४ भरली.

असे का झाले? ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, जेवण झालेले असो वा नसो. आणि इन्सुलिन यकृताला साखर सोडू देत नाही. म्हणजे निरोगी माणसाला उपाशीपोटी तारून नेणारी सोयच येथे अडवली जाते. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो.

सुनेने चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले. साखर ८२ झाली होती. मग वरणभात वाढला. हे जेवण टाळून चालत नाही, कारण गोळीचा अंमल दिवसभर टिकतो व साखर पुन्हा उतरू शकते. त्या रात्रीही त्यांची साखर तपासायला मी सांगितले. रुग्ण अर्धवट शुद्धीत असेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.

काहींना रक्तदाबासाठी वा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळ्या असतात. त्यांच्यात थरथर व धडधड ही लक्षणे झाकली जातात. घाम मात्र येतो. वयोमानानेही सूचना क्षीण होतात आणि गोंधळलेले बोलणे किंवा चिडचिड हेच पहिले लक्षण ठरू शकते.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी कार्याच्या दिवशी ‘भूक लागली का?’ असे विचारू नये. उत्तर प्रामाणिक असले तरी ते विश्वासार्ह नसते. घड्याळ पाहून वाटीभर उपमा किंवा पोळीचा लाडू हातात द्यावा. जेवण लांबणार हे आधीच ठाऊक असेल, तर गोळीची वेळ व मात्रा डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून घ्यावी.

एक भेद लक्षात असू द्यावा. कामात हरवलेली भूक विसाव्याबरोबर परत येते. कोणताही प्रसंग नसताना दोन आठवडे भूक परतलीच नाही किंवा कपडे सैल होऊ लागले, तर त्याचे कारण वेगळे असते आणि त्यासाठी तपासणी करून घ्यावी.