एका आभारपत्राचं हिंदी

माझ्या भाचीला यंदा शिष्यवृत्ती मिळाली. ती रावेरची. गणित शिकवलं ते बुऱ्हाणपूरच्या एका निवृत्त मास्तरांनी. रावेर महाराष्ट्रात आणि बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असलं तरी रेल्वेच्या एकाच मार्गावरची ही गावं, त्यामुळे दर रविवारी जाऊन येणं जमायचं. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेने मार्गदर्शकाच्या नावाने इंग्रजीत आभारपत्र मागितलं, तिनं लिहिलं. ते फायलीत गेलं. पण सरांच्या घरी वाचन हिंदीतच. त्यांच्या पत्नीला इंग्रजी येत नाही आणि रविवारी पोरीला जेवू घालणाऱ्या त्याच. म्हणून तेच पत्र हिंदीत करायचं ठरलं आणि कच्चा मसुदा माझ्याकडे आला, "मामू, जरा बघता का?"

पहिलं वाक्य होतं: 'प्रिय सर, मैं अपनी हार्दिक कृतज्ञता व्यक्त करने के लिए यह पत्र लिख रहा हूँ।' इंग्रजीतल्या 'डिअर'चं तिनं 'प्रिय' केलं होतं. हिंदीत 'प्रिय' बरोबरीच्याला किंवा धाकट्याला लिहितात, वडीलधाऱ्यांना 'आदरणीय'. दुसरी अडचण 'लिख रहा हूँ'ची. इंग्रजीत 'आय ॲम रायटिंग' लिहिताना मुलगा की मुलगी हे सांगावं लागत नाही, हिंदीत क्रियापदच ते सांगतं. पुस्तकातले नमुने बहुधा मुलाच्या तोंडचे, तेच तिनं उचललं होतं. तिथे 'लिख रही हूँ' हवं.

पुढे 'आपके समर्थन के बिना' असं होतं. इंग्रजीत 'सपोर्ट' एकच. हिंदीत 'समर्थन' उमेदवाराला किंवा प्रस्तावाला देतात. अडचणीत पाठीशी उभं राहणाऱ्यानं दिलेला तो 'सहारा' किंवा 'साथ'.

काही चुका इंग्रजीच्या नव्हत्या, आपल्या मराठीच्या होत्या. 'आप मुझे सिखाया' असं तिनं लिहिलं होतं. मराठीत 'सरांनी शिकवलं' म्हणताना प्रत्यय लागतो, पण 'तुम्ही शिकवलं', 'मी फॉर्म भरला' यांत तो दिसत नाही. हिंदीत मात्र 'आपने सिखाया', 'मैंने फ़ॉर्म भरा' असं म्हणावं लागतं. मराठी माणसाचं हिंदी बहुधा या 'ने'पाशी ओळखू येतं.

सगळ्यात अवघड वाक्य शेवटचं होतं. तुम्हाला माझा अभिमान वाटेल असं वागेन, हे तिला म्हणायचं होतं आणि तिनं 'अभिमान' हाच शब्द ठेवला होता. आपल्याकडे अभिमान चांगला आणि गर्व वाईट. हिंदीत बरोबर उलटं: लेकराच्या यशाचा 'गर्व' होतो आणि 'अभिमान' बहुतेक वेळा घमेंडीकडे झुकतो. लिपी एक, शब्द एक, म्हणून आपण बिनधास्त उचलतो आणि तिथेच फसतो. शिष्यवृत्तीला 'वज़ीफ़ा' म्हणावं का, असंही तिनं विचारलं. शब्द बरोबर आहे. पण आपल्या घरात वजीफा म्हटलं की जानमाजवर बसलेली आजी आठवते. हिंदी शाळेत शिकवलेल्या सरांना 'छात्रवृत्ति' जवळचा, म्हणून तो ठेवला.

हे सगळं दुरुस्त झालं, तरी पत्र कुणीही कुणालाही लिहावं असंच राहिलं. 'अमूल्य मार्गदर्शन' म्हणजे नेमकं काय, ते त्यात नव्हतं. मी तिला विचारलं, "सरांनी काय केलं ते सांग." ती बोलत गेली, आम्ही लिहीत गेलो:

'आदरणीय सर, सादर नमस्ते। मेरी छात्रवृत्ति मंज़ूर हो गई है। आपने लगातार दस रविवार मुझे गणित पढ़ाया और एक पैसा नहीं लिया। बैंक के खाते में मेरा नाम आधार कार्ड से अलग लिखा था, यह भी सबसे पहले आपने ही देखा। वह ग़लती रह जाती तो रक़म अटक जाती। आंटीजी ने मुझे कभी भूखा नहीं लौटने दिया। मैं मन लगाकर पढ़ूँगी और आपको ख़बर देती रहूँगी। आपकी छात्रा।'

यात 'कृतज्ञता' नाही, 'गर्व'ही नाही. इंग्रजी पत्रात 'गायडन्स' या एका शब्दाखाली जे झाकलं गेलं होतं, ते इथे उघडं आलं: दहा रविवार, बँकेतलं नाव, आंटीजींचं जेवण. आंटीजींचा तर इंग्रजी पत्रात उल्लेखच नव्हता. पोरीनं ते वहीच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात उतरवलं आणि पुढच्या रविवारी गाडीनं बुऱ्हाणपूरला नेऊन आंटीजींच्या हातात दिलं.