माउसला हात न लावणारे दादा

मिरजेत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे एक दादा होते. फिल्म स्कूलच्या अर्जाला पाच मिनिटांपर्यंतची फिल्म, एक पानाचं निवेदन आणि प्रभाव टाकणाऱ्या कलाकृतींची टिपणं जोडायची होती. ती तिन्ही मी त्यांच्या दुकानात, मागच्या अडगळीतल्या खुर्चीवर बसून केली.

फिल्म सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिराची होती. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून जवारी लावायची, तार छेडून ऐकायचं, पुन्हा घासायचं. मी त्यावर बासरी टाकली होती. दादांनी ती बंद करायला लावली. जवारी उघडते तेव्हा बोथट नादाला झणकार येतो, तोच तर तुझा शेवट, असं त्यांचं म्हणणं. बासरी गेली तेव्हा खरं दुखणं कळलं. ज्यावर मी रेकॉर्डिंग केलं होतं तो मोबाइल आवाजाची पातळी आपोआप सांभाळत होता. तार छेडली की तो आवाज दाबायचा, नाद विरत गेला की उचलायचा आणि त्याबरोबर पंख्याची घरघरही वर यायची. घासण्याआधीची तार आणि नंतरची तार जवळजवळ सारखीच ऐकू येत होती.

दादांनी स्वतःचा रेकॉर्डर दिला. पातळी हाताने एकदाच लावायची, मग कितीही मोह झाला तरी बटणाला शिवायचं नाही. वर मिनिटभर नुसत्या खोलीचा आवाजही घ्यायचा, म्हणजे शॉट जोडले तिथे खड्डा पडत नाही. कारागिरांनी दुसरी घोडी माझ्यासाठी मुद्दाम पहिल्यापासून घासली. तेही ऋणच.

निवेदनात मी बालपणापासूनच्या सिनेमाच्या वेडाबद्दल लिहिलं होतं. दादा म्हणाले, "हे कुणाच्याबी अर्जात चालंल की. काढ." उरलं ते जवारीबद्दलचं आणि कानाने शॉट कुठे तोडायचा याबद्दलचं. टिपणांमध्ये मोठ्या नावांची रांग होती. त्यातली एकच फिल्म ठेवली, रोबेर ब्रेसाँची १९५६ची 'अ मॅन एस्केप्ड'. तिच्यातला कैदी चमचा घासून त्याची पटाशी करतो आणि कोठडीचं लाकडी दार कोरतो. हातांचं काम, बाहेरून येणारे आवाज, संगीत अगदी मोजकं. मी त्यातून नेमकं काय उचललं, ते तीन ओळींत लिहिलं.

एवढं सगळं झालं, पण दादांनी एकदाही माउस हातात घेतला नाही. मी अडलो की चिडायचे, स्क्रीनकडे बोट दाखवायचे आणि चहा सांगायचे. "मी कापलं तर उद्या तिथं काय सांगशील?"

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला: दुसऱ्यांदा तार छेडण्याआधी इतका वेळ नुसती कानस का ठेवली? उत्तर माझ्याकडे होतं, कारण तो कट मीच केला होता. प्रवेश मिळाला. श्रेयनामावलीत दादांचं नाव आभारांत आहे. संकलक म्हणून ते घालू द्यायला त्यांनी साफ नकार दिला होता.