लाइट गेली की छतावरचं सोलर पण का बंद पडतं?

मंडळी, गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला नारायणगावात, ओतूरला, मंचरला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सविस्तर लिहूनच टाकतो. पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या छतावर पॅनल आहेत किंवा बसवायचा विचार आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

तक्रार एकच असते. "दोन लाख घातले, ऊन रणरणतंय, आणि लाइट गेली की घरात पंखा पण फिरत नाही. मग हे सोलर काय कामाचं?" २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळायला लागलं आणि गावोगाव छतं निळी झाली. बसवताना ही गोष्ट फार थोड्यांना सांगितली गेली. आता तिच्यावर काही ठिकाणी "जुगाड" सुचवले जातायत, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोंधळ काढू. घरात बॅटरीवर चालणारा साधा इन्व्हर्टर असतो, तो वेगळा. वावरातला सौर पंप तर महावितरणच्या तारेला जोडलेलाच नसतो, म्हणून लाइट असो वा नसो, ऊन आहे तोवर तो पाणी ओढतो. छतावरच्या नेट मीटरवाल्या सिस्टीमचा इन्व्हर्टर मात्र ग्रिडला बांधलेला असतो. तो तारेतला व्होल्टेज बघतो, त्याची लय पकडतो (सेकंदाला ५० वेळा) आणि त्याच लयीत आपला करंट आत ढकलतो. भजनात मागून टाळ धरणाऱ्यासारखं त्याचं काम. ताल पखवाजाने द्यायचा. पखवाज थांबला तर टाळकऱ्यानेही थांबायचं, असा नियम आहे.

आता खरा मुद्दा. पखवाज थांबलाय हे त्याला कळतं कसं? तुम्ही म्हणाल, तारेत लाइट नसेल तर कळणारच की! पण तारेत लाइट तो स्वतःच सोडतोय. स्वतःच्याच आवाजाला तो ग्रिड समजून बसला तर?

एक उदाहरण मांडून बघू. एका वस्तीवर पाच-सहा घरं एकाच फेजवर आहेत. त्यातल्या एका छतावर ३ किलोवॅटची सिस्टीम आहे आणि भर दुपारी ती पुरे ३ किलोवॅट देतेय. डीपीकडून येणारी त्या फेजची तार खांबावर तुटली. आता ती पाच-सहा घरं आणि तो इन्व्हर्टर मिळून एक बेट झालं. याच बेटाला तांत्रिक भाषेत 'आयलंड' म्हणतात, आणि ते होऊ न देण्याच्या व्यवस्थेला 'अँटी-आयलंडिंग'.

त्या वेळी घरांत मिळून १ किलोवॅटचाच वापर चालू असेल तर ३ किलोवॅटला जायला जागा नाही. व्होल्टेज एकदम वर उसळतो, इन्व्हर्टर लगेच ओळखतो आणि बंद होतो. उलट वापर ६ किलोवॅटचा असेल तर व्होल्टेज १६० च्या आसपास कोसळतो, तेव्हाही तो बंद होतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांत ही सीमा ८० ते ११० टक्के धरली आहे, म्हणजे २३० च्या हिशोबाने १८४ ते २५३ व्होल्ट. इथवर सोपं आहे.

पण वापर बरोबर ३ किलोवॅट असेल तर? जेवढं तयार होतंय तेवढंच खपतंय. व्होल्टेज २३० च राहतो. इन्व्हर्टरला काहीच बदललेलं दिसत नाही. आणि वापर तंतोतंत जुळायलाच हवा असंही नाही. व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वापर बदलतो, असा हिशोब मी मांडून पाहिला, तर साधारण अडीच किलोवॅटपासून ४.७ किलोवॅटपर्यंत कुठलाही वापर असला तरी व्होल्टेज त्या १८४ ते २५३ मध्येच बसतो. म्हणजे नुसत्या व्होल्टेजवर भरवसा ठेवला तर ही एवढी मोठी आंधळी जागा राहते. दुपारी दोन घरांत बोअरची मोटार, एका घरात फ्रिज आणि मिक्सर, झाले की तीन किलोवॅट.

मग फ्रीक्वेन्सीवर पकडू, म्हणाल. तीही हलते, पण नेहमी नाही. मोटारीला चुंबक तयार करायला जास्तीचा करंट लागतो. तो कुणी पुरवला नाही तर बेटाची लय लगेच बिघडते आणि इन्व्हर्टरला कळतं. पण आपण मोटारीला कपॅसिटर लावतो, तो हाच करंट जागेवर पुरवतो. मोटार आणि कपॅसिटर एकमेकांचा हिशोब जिथे मिटवतात ती लय ५० च्या जवळ आली तर बेट शांतपणे ५० वर चालत राहतं. इन्व्हर्टरच्या प्रयोगशाळेतल्या परीक्षेत (आयएस १६१६९, बाहेरच्या देशांत आयईसी ६२११६) मुद्दाम असाच भार जोडतात. रेझिस्टन्स, कॉइल आणि कपॅसिटर असे जुळवतात की इन्व्हर्टरला फसायला सगळी संधी मिळावी, आणि मग ग्रिड तोडून घड्याळ लावतात. लांबच्या प्रयोगशाळेतली ही सर्वात अवघड परीक्षा आपल्या बोअरच्या मोटारीशी एवढी मिळतीजुळती आहे, हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली होती.

या आंधळ्या जागेवरचा उपाय हुशार आहे. इन्व्हर्टर नुसता ऐकत बसत नाही, तो खांद्याने हळूच ढकलून बघतो. प्रत्येक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. इन्व्हर्टर ते मोजतो आणि आपला करंट किंचित पुढे सरकवतो. नियम असा, की लय ज्या बाजूला सरकली असेल त्याच बाजूला आणखी थोडं ढकलायचं. ग्रिड जिवंत असेल तर या ढकलण्याने काही होत नाही. हजारो मेगावॅटच्या जनित्रांसमोर ३ किलोवॅटचा खांदा म्हणजे भिंतीला धक्का. पण ग्रिड गेली असेल तर समोर भिंतच नसते. ५०.०२ चं ५०.०५ होतं, त्याचं ५०.२, आणि उताराला लागलेल्या गाडीसारखी लय पळत सुटते. ५०.५ ओलांडलं की इन्व्हर्टर स्वतःला तोडतो. २०१३ च्या नियमांत या मर्यादेनंतर ०.२ सेकंदाची मुदत आहे, आणि बेट झाल्यापासून एकूण जास्तीत जास्त २ सेकंद.

हे २ सेकंद कशासाठी? पहिलं कारण वायरमन. तुटलेली तार जोडायला तो खांबावर चढणार. डीपी ही दोन्ही बाजूंनी चालणारी वस्तू आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. खालून २३० सोडलं तर वरच्या तारेत ११ किंवा २२ हजार व्होल्ट तयार होऊ शकतात. सबस्टेशनला फीडर बंद, परमिट घेतलेलं, आणि तार जिवंत. म्हणून तार तपासून अर्थिंग रॉड टाकल्याशिवाय हात लावायचा नाही हा नियम वायरमनसाठी आहेच, आणि तो इन्व्हर्टर असला तरी लागू आहे. उसात पडलेल्या तारेला मात्र असा नियम पाळणारं कुणी नसतं. तिथे पाणी धरायला गेलेला माणूस असतो.

पण वायरमन काही दोन सेकंदांत खांबावर चढत नाही. एवढ्या घाईचं दुसरं कारण आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. झाडाची फांदी घासून फीडर ट्रिप झाला तर तो थोड्या वेळात परत चालू करून बघतात, काही ठिकाणी आपोआप, काही ठिकाणी ऑपरेटर. आता समजा बेट तोवर ५०.५ ने चाललंय आणि ग्रिड ५० ने. फरक अर्ध्या आवर्तनाचा, म्हणजे एका सेकंदात दोन्ही लाटा बरोबर उलट्या. इकडे अधिक ३२५ व्होल्टचं टोक, तिकडे उणे ३२५. त्याच क्षणी फीडर जोडला तर जोडणीच्या जागी साडेसहाशे व्होल्टचा दणका. इन्व्हर्टरचे स्विच उडतात, चालत्या मोटारीच्या शाफ्टला झटका बसतो, फ्यूज जातात. बेट फीडरच्या आधी मेलेलं असावं लागतं.

मग मुंबईत मुद्दाम बेट करतात ते कसं, असं एक वाचक विचारतील. बरोबर आहे. राज्याचं ग्रिड कोसळलं तर शहर वेगळं काढून जवळच्या वीजनिर्मितीवर चालवायची तिथे व्यवस्था आहे. तिथे वाफेचं प्रमाण कमीजास्त करून लय धरणारी जनित्रं असतात, आणि लोड कापायची योजना आधी ठरलेली असते. तरीही १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईचं बेट टिकलं नाही, लोकल बंद पडल्या हे सगळ्यांना आठवत असेल. आपल्या छतावरच्या पेटीकडे यातलं काहीच नाही. ढग आला की तिची वीज अर्धी.

या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. एका डीपीवर वेगवेगळ्या कंपन्यांचे दहा इन्व्हर्टर असतील आणि काही वर ढकलत असतील, काही खाली, तर धक्के एकमेकांना खाऊन टाकू शकतात आणि ओळखायला वेळ लागतो. सोलर कमी होतं तोवर गावाचा वापर नेहमी कितीतरी जास्त असायचा, बेट लगेच कोसळायचं. छतं वाढतील तशी वापर आणि निर्मिती जुळण्याची शक्यता वाढत जाणार.

आता जुगाडांबद्दल. दुपारी व्होल्टेज २५३ च्या वर जातो म्हणून इन्व्हर्टर सारखा बंद पडतो, स्क्रीनवर `AC V Outrange` असं काहीतरी येतं, आणि कुणीतरी सेटिंगमधला देश बदलून मर्यादा वाढवून देतो. देश बदलला की व्होल्टेजबरोबर फ्रीक्वेन्सीच्या मर्यादाही बदलतात, म्हणजे वर सांगितलेला सापळाच सैल होतो. व्होल्टेज खरंच जास्त असेल तर महावितरणला लेखी कळवून डीपीचा टॅप तपासून घ्या, किंवा मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंतची केबल बारीक आहे का ते बघा. पुष्कळदा केबलच बारीक निघते.

दुसरा जुगाड, जनरेटर लावून इन्व्हर्टरला "ग्रिड आहे" असं भासवायचं. वापरापेक्षा ऊन जास्त झालं की ती वीज जनरेटरमध्ये उलटी घुसते. आणि तो जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय, दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरने सॉकेटमध्ये घातला असेल तर वर लिहिलेलं सगळं संरक्षण शून्य. जनरेटरला अँटी-आयलंडिंग नसतं, तो थेट डीपीपर्यंत करंट पाठवतो.

लाइट गेल्यावरही घर चालवायचंच असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या. तो आधी रिलेने स्वतःला महावितरणच्या तारेपासून तोडतो आणि मगच तुमच्या ठरावीक सर्किटला वीज देतो. पैसे जास्त लागतात, हे खरं.

घरी तपासायचं असेल तर भर दुपारी मीटरजवळचा मेन स्विच पाडा आणि इन्व्हर्टरकडे बघा. `Utility Loss` किंवा `No AC Connection` असं लिहून तो लगेच थांबला पाहिजे. स्विच परत लावल्यावर निदान ६० सेकंद वाट बघून मग चालू झाला पाहिजे. लगेच चालू झाला तर सेटिंग कुणीतरी छेडलंय. मात्र एवढ्यावरून सगळं ठीक आहे असं धरू नका, कारण या चाचणीत वापर आणि निर्मिती जुळलेली नसते, म्हणजे सोपाच पेपर असतो. अवघड पेपराचा निकाल आयएस १६१६९ च्या प्रमाणपत्रात असतो. बसवणाऱ्याकडून तुमच्या मॉडेलच्या नंबरसकट त्याची प्रत मागून घ्या.