मेलेल्या माणसाचं उत्तर

जुलै २०१८ च्या शेवटच्या मंगळवारी रात्री मी आणि आमच्या ऑफिसातला टायपिस्ट एक दावा घेऊन बसलो होतो. दावा साठेखताचा. तालुक्याच्या गावातला एक प्लॉट आमच्या अशिलाने, म्हणजे शिवणकाम करणाऱ्या एका चाचांनी, सहा लाखांना ठरवला होता. चार लाख विसार दिला होता. साठेखत १०/०६/२०१३ चं. मोजणी झाली की खरेदीखत करून देऊ, असं त्यात लिहिलेलं. ठरावीक तारीख नाही. दोन वर्षं वाट पाहून चाचांनी नोटीस पाठवली आणि ०३/०८/२०१५ ला विकणाऱ्याने उत्तर दिलं की खरेदीखत होणार नाही.

मुदतीचा कायदा इथे सरळ आहे. करारात तारीख नसेल, तर नकार कळल्यापासून तीन वर्षं. उत्तर त्याच दिवशी हाती पडलं असं धरून आम्ही हिशोब केला होता, म्हणजे शेवटचा दिवस ३ ऑगस्ट २०१८, शुक्रवार. हातात तीन दिवस होते. चाचा उशिरा आले, कारण मधल्या काळात विकणारा वारला आणि चाचांना वाटलं, पोरं समजूतदार आहेत, करून देतील. त्यातल्या थोरल्याने २०१७ मध्ये तोच प्लॉट तिसऱ्याला विकून टाकला.

दावा दाखल करायच्या आधी मी तो कागदावर काढून वाचतो. पडद्यावर चूक दिसत नाही, निदान मला तरी नाही. आणि एकाच वेळी सगळं वाचत नाही. पहिल्या वाचनात फक्त तारखा. मी मूळ कागद हातात धरून तारीख मोठ्याने म्हणतो आणि समोरचा दाव्यात बोट ठेवून पाहतो. पाहणारा माणूस दावा लिहिणारा नसावा. लिहिणाऱ्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं.

त्या रात्री मी मृत्यूचा दाखला वाचला, "चौदा दोन दोन हजार सोळा." टायपिस्ट म्हणाला, "साहेब, इथे पंधरा आहे."

कलम ४ मध्ये लिहिलं होतं की विकणारा १४/०२/२०१५ रोजी मयत झाला. आणि कलम ६ मध्ये त्यानेच ०३/०८/२०१५ ला नोटिशीला उत्तर दिलेलं. मेल्यावर सहा महिन्यांनी! आम्ही हसलो, पण थोडंच. आमचा अख्खा दावा त्या उत्तरावर मुदतीत बसत होता. ते उत्तर मयताच्या नावावर दिसलं असतं, तर समोरच्या वकिलाने पहिल्याच कैफियतीत ते बनावट ठरवलं असतं. दाव्याचं कारण कधी घडलं हे सांगणाऱ्या कलमात तर उत्तराची तारीखच ०३/०८/२०१३ पडली होती. त्या तारखेपासून मोजलं तर मुदत २०१६ मध्येच संपते, आणि दाव्यावरूनच तो मुदतबाह्य दिसला तर ऑर्डर ७ नियम ११ खाली तो फेटाळण्याचा अर्ज येतो. खरी तारीख दुसऱ्या कलमात आणि सोबतच्या कागदात आहे हे दाखवून तो अर्ज कदाचित परतवता येईलही, पण तोवर चाचांच्या किती तारखा गेल्या असत्या?

(मृत्यूच्या दाखल्यावर दोन तारखा असतात, मृत्यूची आणि नोंदणीची. अशील बहुतेक वेळा खालची सांगतो. दाखला स्वतः बघावा.)

दुसरं वाचन पक्षकारांचं. आपल्या नावांचा इथे वेगळाच घोळ असतो. उदाहरणादाखल, विदर्भ-मराठवाड्याकडे एखादा माणूस सातबाऱ्यावर 'शेख रशीद शेख महमूद' असतो, साठेखतात 'रशीद महमूद शेख', आणि आधारवर 'रशीद महेमूद'. आपल्याला ठाऊक असतं हा एकच माणूस. कोर्टाच्या कागदाला ते ठाऊक नसतं. मी मूळ करारातलं नाव शीर्षकात घेतो, बाकीची 'उर्फ' लावून एकदाच लिहितो, आणि मग पुढे त्याला फक्त क्रमांकाने म्हणतो.

पण क्रमांकच हलले तर? पहिल्या मसुद्यात चार प्रतिवादी होते: बेवा, दोन मुलगे, आणि चौथा तो २०१७ चा खरेदीदार. सोमवारी चाचा सहज बोलून गेले, "तिची एक लेक पण आहे, दिलीय तिकडं." मी कपाळाला हात लावला. शरियतप्रमाणे बापाच्या इस्टेटीत बेवेला आठवा हिस्सा आणि उरलेल्यात मुलीला मुलाच्या निम्मा. ती वारस आहे, आणि तिच्याशिवाय खरेदीखत अपुरं. तिला नंतर सामील केलं असतं तर तिच्यापुरता दावा तिला आत घेतल्या दिवशी दाखल झाला असं धरलं जातं. चुकून, पण प्रामाणिकपणे राहून गेली असं कोर्टाला पटलं तरच ते टळतं. तेव्हा तिला क्रमांक ४ दिला आणि खरेदीदार ५ झाला.

शीर्षकात हे झालं. विनंती कलमात मात्र अजून लिहिलेलं होतं की प्रतिवादी क्र. ४ च्या नावे झालेलं खरेदीखत वादीवर बंधनकारक नाही. म्हणजे सासरी नांदणाऱ्या त्या बाईने प्लॉट विकत घेतला, असा आमचा दावा! शिवाय खरेदीखत करून द्यायचा हुकूम '१ ते ३' वर मागितलेला, मुलगी आणि खरेदीदार दोघेही बाहेर. नंतरच्या खरेदीदारालाही त्या खतात सामील व्हायला लावायचं असतं. टायपिस्टने 'शोधा'वर ४ टाकून पाहिलं, काही सापडेना. अर्धे आकडे देवनागरी होते, अर्धे इंग्रजी. शेवटी एका चिठ्ठीवर पाच क्रमांक, नावं आणि नाती लिहिली आणि प्रत्येक 'प्रतिवादी क्र.'वर पेन्सिलीने टिंब दिलं.

मुलीची हकीकत सांगणारं एक नवं कलम ५ मध्ये घुसलं, म्हणून पुढची सगळी एकेक सरकली. नोटिशीचं उत्तर आता कलम ७ मध्ये होतं, पण दाव्याच्या कारणात 'वर कलम ६ मध्ये नमूद' तसंच राहिलं. असे उल्लेख मी सगळ्यात शेवटी तपासतो, मजकूर गोठल्यावर, आणि मागून पुढे. सर्वांत वाईट जागा म्हणजे सत्यापन. त्यात कुठली कलमं स्वतःच्या माहितीची आणि कुठली इतरांकडून कळलेली, हे क्रमांकानिशी सांगावं लागतं. आमच्यात 'कलम १ ते ८ स्वतःच्या माहितीप्रमाणे' असं होतं. जुन्या आठव्यात चाचांनी खरेदीखताची तयारी दाखवल्याची हकीकत होती आणि २०१७ च्या विक्रीची नवव्यात. आता तयारीचं कलम नवव्यात जाऊन 'ऐकीव' झालं. उलटतपासात विचारलं असतं, "पैसे तयार होते हे तुम्हाला दुसऱ्याने सांगितलं का?" चाचा गांगरले असते.

गुरुवारी दावा दाखल झाला. मुदतीवर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही.

एक मात्र माझ्याकडून सुटलं. मुलीचं नाव मी माहेरचं लिहिलं आणि पत्ता भावांचाच ठेवला, कारण चाचांना तिचा पत्ता माहीत नव्हता आणि मला शुक्रवारची घाई. बाकी चौघांना समन्स लागलं. तिचं 'इथे राहत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. भाऊ पत्ता सांगायला तयार नव्हते. शेवटी चाचांच्या बायकोने एका लग्नात तिच्या नणंदेला गाठून गाव काढलं, मग नाव-पत्ता दुरुस्तीचा अर्ज, मग नवं समन्स. त्यात सात महिने गेले.