मधला फासा

घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं आणि रात्रीच्या जेवणातली गोष्ट सहा वर्षांच्या नातवाच्या ताब्यात गेली. जन्मभर कथाकथन केलेल्या माणसाला ऐकत बसणं जड जातं. पाहुणे असले की शेवट मी अजूनही हिसकावून घेतो. घसा दुखला तरी चालेल, हशा माझ्या नावावर हवा.

दुकानात मिळणाऱ्या 'रोरीज स्टोरी क्यूब्ज'मध्ये ९ फासे आणि ५४ चित्रं असतात. नऊच्या नऊ एकदम टाकले की आमचा गडी गोष्ट सांगत नाही, यादी वाचतो. म्हणून आम्ही तीनच घेतो, वाटीत खुळखुळवतो आणि ताटाशेजारी टाकतो.

घोडं अडतं ते मधल्या फाशापाशी. परवा छत्री, मासा आणि किल्ली पडली. "एक छत्री होती. मग मासा आला. मग किल्ली सापडली. संपली!" मी मासा आणि किल्लीची जागा बदलली. छत्री होती, मग किल्ली सापडली, मग मासा आला. कुठे काही बिघडलं नाही. म्हणजे तो क्रम नव्हताच, नुसती रांग होती. 'का' विचारून उपयोग नसतो, "असंच" म्हणून तो मोकळा होतो. म्हणून मी किल्ली जागेवर ठेवली, मासा मुठीत लपवला आणि विचारलं, "आता ही किल्ली मिळाली कशी?"

घास गालात धरून तो बसून राहिला. मग म्हणाला, "छत्री उडून नदीत पडली. उलटी. म्हणून तिच्यात मासा अडकला. त्याच्या पोटात किल्ली होती." मी पुन्हा जागा बदलायला गेलो तर माझा हात धरून ओरडला, "आजोबा, किल्ली आधी कशी येईल? ती पोटात आहे ना!"

जानी रोदारी या इटालियन लेखकाने १९७३ सालच्या पुस्तकात दोन लांबचे शब्द शेजारी ठेवून गोष्ट काढायची रीत सांगितली. कल्पना उडायला दोन पुरतात, हे खरं. पण आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्न तिसरा फासा पडल्यावरच टोचतो. चिऊ-काऊच्या गोष्टीतही पाऊस मध्येच पडावा लागतो. नाहीतर कावळा चिमणीच्या दाराशी येईल कशाला? हल्लीच्या गोष्टींच्या वर्गांत हा पाऊस कुणी पाहतच नाही, सगळ्यांना तात्पर्याची घाई.

मध्यंतरी त्याने प्रत्येक फट 'जादूने' बुजवायला सुरुवात केली. त्यावर नियम केला: जादू एकदाच, आणि ती करणाऱ्याचं काहीतरी हरवलं पाहिजे. महिनाभर ठीक चाललं. आता त्याला नवी पळवाट सापडली आहे. सगळं अंगाशी आलं की म्हणतो, "आणि मग तो जागा झाला." यावर माझ्याकडे अजून तोड नाही.