जनरल रजिस्टर भरलं होतं

"सर, फॉर्म भरला जातोय, पण फोटो चढत नाही."

प्रवेश अर्जाची शेवटची तारीख होती. रात्रीचे आठ वाजून गेले होते आणि मुदत बारापर्यंत. तालुक्याच्या गावातलं छोटं कॉलेज, त्याची अर्ज भरायची वेबसाइट दोन वर्षांपूर्वी मीच करून दिलेली. फोनवर कॉलेजच्या क्लार्क मॅडम होत्या. त्यांच्यासमोर एक मुलगी आणि तिचे वडील बसले होते. वाडीवरून आले होते आणि परत जायची शेवटची एसटी नऊची होती.

मी सर्व्हरवर लॉग इन केलं आणि लॉग उघडला. ओळीमागून ओळ एकच तक्रार:

```
session_start(): open(.../sess_..., O_RDWR) failed:
No space left on device (28)
```

डिस्क भरली, एवढाच त्याचा अर्थ. मला तर हायसं वाटलं, कारण हा ओळखीचा आजार. पण `df -h` दिलं तर उत्तर आलं: 40 जीबीची डिस्क, त्यातले 15 जीबी वापरलेले, 23 जीबी मोकळे. तीच कमांड मी तीनदा दिली, जणू आकडा लाजून बदलेल.

मग मी ते केलं, जे घाईत सगळेच करतात. जुने बॅकअप शोधले आणि सर्वांत जुन्या नऊ फाइली उडवल्या. सहा जीबी आणखी मोकळे झाले. मॅडमना म्हटलं, "आता बघा." त्या म्हणाल्या, "हो सर, चढला!" मी फोन ठेवला. दोन मिनिटांत पुन्हा वाजला. त्या मुलीचा फोटो चढला होता, सहीचं चित्र चढत नव्हतं.

खरं तर इथेच मला उत्तर मिळायला हवं होतं. सहा जीबी दोन मिनिटांत संपत नाहीत. पण नऊ फाइली उडवल्यावर नऊ नव्या फाइलींपुरतीच जागा झाली असेल, तर ती दोन मिनिटांत नक्की संपते. हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. मी उरलेले बॅकअप उडवायच्या तयारीत होतो. नशीब, तेवढ्यात मॅडम सहज एक वाक्य बोलून गेल्या: "माझं चालूच आहे सर, मी सकाळपासून आत आहे. नवीन मुलांनाच आत येता येत नाही."

जुन्यांचं चालतं, नव्यांचं अडतं. मी लॉगकडे पुन्हा पाहिलं. "जागा नाही" असं ओरडणारा तो लॉग स्वतः मजेत वाढत होता. म्हणजे आधीपासून असलेल्या फाइलीत लिहिता येत होतं, नवी फाइल मात्र जन्माला घालता येत नव्हती. मॅडमची सेशन फाइल सकाळीच तयार झाली होती, म्हणून त्या आत होत्या. अर्जातला मजकूर डेटाबेसच्या जुन्या फाइलींत जात होता, म्हणून फॉर्म भरला जात होता. फोटोला मात्र आधी एक तात्पुरती फाइल लागते आणि नंतर कायमची. ते दार बंद होतं.

मग योग्य कमांड दिली:

```
$ df -i /
Inodes   IUsed    IFree  IUse%
2621440  2621440  0      100%
```

आयनोड म्हणजे काय, हे मी नंतर मॅडमना शाळेच्या जनरल रजिस्टरवरून सांगितलं. मूल शाळेत आलं की आधी रजिस्टरमध्ये त्याच्या नावाची एक ओळ पडते आणि बाक नंतर मिळतो. फाइलचंही तसंच आहे. तिची मालकी, तारखा, आकार आणि तिचा मजकूर डिस्कवर कुठे ठेवलाय, हे सगळं एका आयनोडमध्ये असतं. फाइल एक जीबीची असो की रिकामी, तिला आयनोड एकच लागतो. ext4 या फाइल सिस्टीममध्ये हे रजिस्टर डिस्क फॉरमॅट करतानाच बांधून मिळतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये दर 16,384 बाइटमागे एक ओळ. 40 जीबीला या हिशेबाने बरोबर 26,21,440 ओळी होतात. वर्गात बाक रिकामे असले तरी रजिस्टरमध्ये ओळ उरली नसेल, तर प्रवेश नाही. आणि दोन्ही प्रसंगी लिनक्स एकच वाक्य बोलतो, जागा नाही. कसली जागा, ते सांगत नाही.

आता 26 लाख फाइली कुठे आहेत ते शोधायचं होतं. नेहमीचा `du` इथे फसवतो, कारण तो आकार मोजतो आणि आपल्याला संख्या हवी असते. त्यासाठी त्याला वेगळं सांगावं लागतं:

```
du --inodes -x -d 1 / | sort -n
```

यातल्या `-x` मुळे तो दुसऱ्या डिस्कवर भटकत नाही. सर्वांत मोठा आकडा शेवटी येतो, मग त्या फोल्डरमध्ये शिरून पुन्हा तेच. तीन पायऱ्या उतरल्यावर मी ज्या फोल्डरपाशी पोचलो, त्याचं नाव वाचून कानशिलं गरम झाली. ते फोल्डर मीच केलं होतं. त्यात तेवीस लाख नव्वद हजारांच्या आसपास फाइली होत्या, सगळ्यांची नावं `sess_` ने सुरू होणारी आणि बहुतेकींचा आकार शून्य बाइट. म्हणून तर `df -h` ला त्यांचा पत्ता नव्हता. नुसती नावांची यादी धरून ठेवताना ते फोल्डरच सव्वाशे एमबीचं झालं होतं. साध्या फोल्डरचा आकार `ls -ld` मध्ये 4096 दिसतो. तिथे नऊ आकडी संख्या दिसली, तर मोजायचीही गरज नसते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. मुलं अर्ज भरता भरता दाखले शोधायला उठत आणि परत येईपर्यंत वेबसाइटने त्यांना बाहेर काढलेलं असे. पीएचपीचं सेशन मूळ सेटिंगप्रमाणे 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटं पडून राहिलं की कचऱ्यात जमा होतं. डेबियन आणि उबुंटूवर हा कचरा पीएचपी स्वतः काढत नाही. तिथे `session.gc_probability` शून्य ठेवलेलं असतं आणि दर अर्ध्या तासाने एक वेगळा झाडूवाला, `phpsessionclean`, ठरलेल्या फोल्डरमध्ये फिरून जातो. मी त्याच्यापासून मुलांची सेशनं लपवली. कोडमध्ये एका ओळीने सेशनचं फोल्डर बदललं. झाडूवाला सेटिंगच्या फाइली वाचतो, आपलं कोड वाचत नाही, त्यामुळे त्याला नवी जागा कळलीच नाही. मुलांची तक्रार थांबली, कॉलेजने आभार मानले. नव्या फोल्डरला झाडणारं कोणी ठेवायला हवं, हे मात्र राहून गेलं.

पण एवढ्याशा कॉलेजात चोवीस लाख सेशनं आली कुठून? मुलं तर वर्षाला हजार-दीड हजार. कारण तेही माझंच निघालं. वेबसाइट चालू आहे की नाही हे पाहायला मी एक पहारेकरी लावला होता, जो दर तीस सेकंदांनी लॉगिनचं पान उघडून पाहायचा. त्या पानाची पहिलीच ओळ `session_start()`. पहारेकरी कुकी सांभाळत नाही, त्यामुळे दर वेळी तो नवा पाहुणा ठरायचा आणि त्याच्या नावे एक नवी रिकामी फाइल पडायची. दिवसाला 2,880. दोन वर्षांत एकवीस लाख. उरलेली सर्च इंजिनच्या बॉटांची. साइट पडू नये म्हणून ठेवलेल्या पहारेकऱ्यानेच ती पाडली.

साडेआठ वाजले होते. `rm sess_*` चालणार नव्हतं. शेल आधी सगळी नावं एका ओळीत मांडायला जातो आणि `Argument list too long` म्हणून हात वर करतो. साधं `ls` सुद्धा सगळी नावं वाचून, क्रम लावून मगच दाखवतं, तोवर बसून राहा. अख्खं फोल्डर उडवणं सोपं होतं, पण मग त्या क्षणी अर्ज भरत असलेली मुलं अर्ध्यात बाहेर पडली असती. म्हणून एक दिवसाहून जुन्याच फाइली काढायच्या ठरवल्या. आधी `-delete` ऐवजी `-print` लावून पाच-दहा नावं डोळ्यांखालून घातली. ही सवय सोडू नका, कारण `-delete` चुकून अटींच्या आधी लिहिलं गेलं, तर `find` अटी बघायला थांबत नाही.

```
find . -maxdepth 1 -type f -name 'sess_*' \
  -mmin +1440 -delete
```

पूर्ण सफाईला वेळ लागला, तोवर अम्मीने जेवायला दोनदा हाक मारली. पण वाट पाहावी लागली नाही. पहिल्या काही सेकंदांतच हजारो आयनोड सुटले. मॅडमना म्हटलं, "सहीचं चित्र टाकून बघा." या वेळी मी फोन ठेवला नाही. सही चढली, दहावीची गुणपत्रिका चढली, पावती छापली. मागून वडिलांचा आवाज आला, "चल गं, गाडी सुटंल." नऊला दहा मिनिटं होती.

डिस्क वाढवून हे मिटलं असतं का? असतं, काही महिन्यांपुरतं. ext4 वाढवली की नव्या जागेबरोबर त्याच प्रमाणात नवे आयनोडही मिळतात. पण असलेल्या जागेवर फक्त आयनोड वाढवून मिळत नाहीत, त्यासाठी डिस्क नव्याने फॉरमॅट करावी लागते. XFS आयनोड गरजेप्रमाणे बनवते, तिथे हा प्रसंग क्वचित येतो. मात्र अशी फाइलींची रास तिथेही साचतेच.

रात्री बारानंतर बाकीचं आवरलं. फायली गेल्या तरी ext4 वरचं फोल्डर आकसत नाही, ते रिकामं असूनही सव्वाशे एमबीचंच राहिलं. म्हणून नवं फोल्डर केलं, जुन्यातली चालू सेशनं त्यात हलवली आणि नावांची अदलाबदल केली. तीच `find` ची कमांड, `.` च्या जागी फोल्डरचा पूर्ण पत्ता घालून आणि एकाच ओळीत लिहून, रोज पहाटे चालेल अशी क्रॉनमध्ये टाकली. पहारेकऱ्याला लॉगिनऐवजी सेशन न उघडणारं एक साधं पान दिलं. आणि डिस्क ऐंशी टक्के भरली की मला निरोप पाठवणारी जी स्क्रिप्ट होती, तिच्यात `df -h` च्या खाली `df -i` ची ओळ घातली. दोन वर्षं ती स्क्रिप्ट रोज सकाळी मला इमानदारीने "सर्व ठीक" कळवत होती.

सकाळी `df -i` ने 9% दाखवलं. प्राचार्यांचा फोन आला, सर्व्हर देणाऱ्या कंपनीला तक्रारीचं पत्र लिहायचं म्हणत होते, मजकूर सांगा. मी म्हटलं, "सर, पत्र नको. ती ओळ मी लिहिली होती." ते थोडा वेळ गप्प राहिले, मग विचारलं, "आठच्या आधी किती मुलं परत गेली असतील?" लॉगमधून मोजता येण्यासारखं होतं. सायंकाळी सहापासून लॉगिन न झालेले सेहेचाळीस मोबाइल नंबर निघाले, त्यातले एकोणतीस नंतर आत आले होते. उरलेल्या सतरा नंबरांची यादी मी मॅडमना पाठवली. प्राचार्यांनी त्यांच्यासाठी मुदत एक दिवस वाढवली आणि मॅडम एकेकाला फोन करत बसल्या.