साठ अक्षरांत वरी

माझ्या कामाला नाव नाही. आईला कुणी विचारलं तर ती सांगते, "मोबाईलवर हिंदी लिहिते." ते बरोबरच आहे. किराणा घरपोच देणाऱ्या एका ॲपवर तुम्ही भाषा हिंदी केलीत, की वस्तूच्या फोटोखाली एक-दोन ओळी दिसतात. 'भुने चने, छिलके के साथ' वगैरे. त्या ओळी कुणीतरी लिहिलेल्या असतात. त्यातल्या काही मी लिहिते, एका वर्णनाला सहा रुपये या दराने, सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या घरात बसून. मुरबाडला हिंदी घेऊन बीए केलं तेव्हा त्या हिंदीतून मटकी आणि मसूर विकायचे आहेत, असं वाटलं नव्हतं.

नियम सोपे आहेत. रोज एक शीट येते. तिच्यात वस्तूचा फोटो, पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो आणि इंग्रजी नाव असतं. पुढच्या रकान्यात मी हिंदी वर्णन लिहायचं, जास्तीत जास्त साठ अक्षरांत. एकसष्ट झाली की रकाना लाल होतो.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, मराठी आणि हिंदी म्हणजे शेजारची घरं, काम सहज होईल. तिसऱ्या दिवशी 'मटकी' आली. मी 'साबुत मटकी' लिहून पुढे गेले. तपासणाऱ्या ताईंचा शेरा आला, "मातीचं छोटं मडकं पाचशे ग्रॅमच्या पाकिटात कसं बसवलंत?" हिंदीत मटकी म्हणजे मडकं. आपल्या मटकीला तिकडे मोठ म्हणतात. मग शेपू आला. त्याला हिंदीत सोया म्हणतात, पण ॲपवर 'सोया' शोधलं की सोयाबीनच्या वड्या वर येतात. म्हणून 'सोआ साग' लिहायचं. चिवड्याचंही तसंच. आपल्याकडे चिवडा म्हणजे तळलेले शेंगदाणे आणि कढीपत्ता घातलेला फराळ, पण बिहारकडच्या माणसासाठी चिवड़ा म्हणजे नुसते पोहे. अनोळखी शब्द आला की मी शोधून बघते, चूक होत नाही. चूक होते ती ओळखीच्या शब्दांत.

दुसरी गोष्ट मोजणीची. आपण शाळेत 'खीर' ही दोन अक्षरं मोजतो. कॉम्प्युटर तीन मोजतो: ख, दीर्घ ईची वेलांटी आणि र. त्याच्या हिशेबात प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगळा. जोडाक्षर आणखी महाग. 'व्रत' आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण तो चार होतो, कारण व आणि र यांच्यामधला न दिसणारा पाय मोडण्याचा हलन्तही मोजला जातो. शीटमध्ये हा हिशेब एका सूत्राने दिसतो:

```
=LEN(B2)
```

गंमत म्हणजे 'खिचड़ी' कधी पाच येते, कधी सहा. ड़ हे अक्षर एका कीबोर्डवरून एकच चिन्ह म्हणून उमटतं आणि दुसऱ्यावरून ड आणि खालचा ठिपका अशी दोन चिन्हं होतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच. माझ्या फोनवर साठमध्ये बसलेलं वाक्य ताईंच्या लॅपटॉपवर एकसष्ट का होतं, हे समजायला मला महिना लागला. तेव्हापासून ड़ किंवा ढ़ असलेल्या ओळीत मी एकेक जागा मोकळी सोडते.

पण साठ ही मर्यादा फक्त लिहिताना. वाचणाऱ्याला साठ दिसतीलच असं नाही. यादीत एका ओळीत मावेल तेवढंच दिसतं, पुढे तीन टिंबं. किती मावेल ते फोनच्या रुंदीवर आणि अक्षरांच्या आकारावर ठरतं. माझ्या फोनवर पंचवीसेक अक्षरं दिसतात. आईने अक्षरं मोठी करून ठेवली आहेत, तिला वीसच दिसतात. म्हणून वस्तू काय आहे ते पहिल्या वीस अक्षरांत यायला हवं, बाकी सगळं नंतर.

इथे आपल्या भाषांची एक खोड अंगाशी येते. हिंदी काय, मराठी काय, नकार बहुतेक वेळा शेवटी येतो. 'नहीं' शेवटी, 'के बिना' शेवटी. एका मसाल्याला मी लिहिलं होतं, 'प्याज-लहसुन के बिना बना मसाला'. आईच्या फोनवर 'प्याज-लहसुन के बिना' एवढं नीट दिसलं. पण ऑफरच्या छोट्या पट्टीत जागा आणखी कमी, तिथे उरलं फक्त 'प्याज-लहसुन…' कांदा-लसूण न खाणाऱ्या माणसासाठी शोधून आणलेलं पाकीट, आणि पट्टी त्याला नेमकं उलटं सांगते. तेव्हापासून मी 'बिना प्याज-लहसुन' असा क्रम ठेवते. ओळ कुठेही तुटली तरी नकार आधी वाचला जातो.

एवढं सगळं शिकून झाल्यावर एक दिवस शीटमध्ये वरी आली.

पाकिटावर इंग्रजीत 'लिटल मिलेट' आणि मराठीत 'वरई' होतं. आमच्याकडे तिला वरीच म्हणतात. सिद्धगडाखालच्या उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी आजीने जन्मभर केली. उन्हाळ्यात राब भाजायचा, पाऊस लागला की त्या राखेत पेरायचं, रोपं वर आली की उपटून उतारावर लावायची. दाणा मोहरीएवढा, आणि त्याचं टरफल चिवट. आजी म्हणते, वरी पिकवणं सोपं, कांडणं अवघड. उखळात कांडून, पाखडून, पुन्हा कांडून पायलीभर वरीचे तांदूळ हातात पडेपर्यंत दुपार सरायची.

मी लिहिलं, 'समा के चावल, व्रत के लिए हल्का भोजन'. पस्तीस अक्षरं, पहिल्या अकरातच नाव. उपवासाचे तांदूळ म्हणून उत्तरेकडे लोक 'समा'च शोधतात, त्यामुळे ओळ चालणार होती. आजी शेजारी शेंगा सोलत होती. कामाचं वाचून दाखवायची मला सवय आहे.

"समा म्हंजी काय गं?"

"वरी, आजी. हिंदीत."

तिला काहीतरी खटकलं म्हणून नव्हे, मलाच दाखवायची हौस म्हणून मी समाच्या पिकाचा फोटो शोधला. तिने फोन डोळ्यांपासून लांब धरला. "ही वरी न्हाय. वरीचं कणीस मोकळं असतं, झुकलेलं. हे तर गच्च आहे. असलं गवत भातात येतं. बेणताना उपटून बांधावर टाकतो ते."

मी पाकिटाची मागची बाजू मोठी करून पाहिली, जी आधीच पाहायला हवी होती. तिथे बारीक अक्षरांत शास्त्रीय नाव होतं, पॅनिकम सुमात्रेन्स. हिंदी पट्ट्यात समा म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा सांवा असतं, एकिनोक्लोआ या दुसऱ्याच प्रजातीतलं धान्य. उत्तराखंडात त्यालाच झंगोरा म्हणतात आणि त्याची खीर करतात. त्याच प्रजातीतली रानटी गवतं भाताच्या खाचरात तण म्हणून वाढतात. आजीने कणसावरून बरोबर ओळखलं होतं. झंगोरा हलका आणि वरी भारी असं काही नाही. पण तिकडे डोंगरात कुणीतरी झंगोरा पिकवतं, इकडे कुणीतरी वरी पिकवतं, आणि मी पस्तीस अक्षरांत दोघांचीही नावं पुसत होते.

मग वरीला हिंदीत म्हणायचं काय? शब्द आहे: कुटकी. मध्य प्रदेशात मंडला-डिंडोरीकडे कोदो-कुटकी ही जोडी घरोघरी माहीत असते. मी खुशीत 'कुटकी' टाइप करून ॲपवर शोधलं. वर आली एक कडू मुळी, हिमालयात उगवणारी औषधी वनस्पती. तिचंही नाव कुटकीच. उपवासाच्या खिचडीला बसलेल्या माणसाच्या हातात ती पडली तर तो ॲप काढूनच टाकेल. म्हणून नुसतं कुटकी नाही, 'कुटकी चावल'.

अर्ध्या तासाने हे झालं:

'वरई यानी कुटकी चावल। व्रत की खिचड़ी और खीर के लिए।'

पन्नास अक्षरं. धान्याचं नाव पहिल्या वीसमध्ये, दंडासकट. दहा उरली होती आणि माझ्या मनात राग होता, म्हणून पुढे लिहिलं 'समा नहीं।' आधीची मोकळी जागा धरून बरोबर दहा. साठाला साठ. ठिपक्यासाठी एक जागा सोडायचा स्वतःचाच नियम मी त्या आनंदात विसरले.

पाठवण्याआधी आईच्या फोनवर उघडून पाहिलं. तिच्या मोठ्या अक्षरांत वर्णनाच्या तीन ओळी मावत होत्या आणि तिसरी ओळ संपत होती ती अशी: 'समा…'

मसाल्याच्या वेळी शिकलेलं सगळं मी पुन्हा केलं होतं. नकार शेवटी ठेवला होता. जे नाही ते सांगायला गेले आणि तेच एक नाव पडद्यावर उरलं. 'समा नहीं' काढून टाकलं. शीटमध्ये शोधशब्दांचा एक वेगळा रकाना असतो, तो गिऱ्हाइकाला दिसत नाही. तिथे समा, भगर, मोरधन, व्रत के चावल असे सगळे शब्द टाकले. कुणी काहीही नावाने शोधो, त्याला पाकीट सापडेल, पण पाकिटाखाली नाव खरं असेल.

ताईंनी विचारलं, "वरई कशाला? हिंदीवाल्यांना कुठे कळणार? तीन अक्षरं वाचतील." मी लिहिलं की पाकिटावर वरई छापलंय, गिऱ्हाइकाने घरी आलेलं पाकीट आणि ॲपवरचं नाव जुळवून पाहिलं तर ते जुळायला हवं. त्यांना पटलं. खरं कारण एवढंच नव्हतं, पण ते सहा रुपयांच्या कामात सांगण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी त्या एका ओळीवर दोन तास गेले. बाकी वीस वर्णनं रात्री जागून केली.

आजीला शेवटची ओळ वाचून दाखवली. हिंदी तिला तुटक कळतं. तिने एकच विचारलं, "वरी लिवलंस ना?"

"वरई लिहिलंय."

"मंग झालं. चावल काय, सगळ्यालाच म्हणतात."